बारा मिनिटं, दोन भाषा आणि एकच भाषण

प्रश्न: मेलबर्नमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मला बारा मिनिटं बोलायचं आहे. समोर साधारण दीडशे माणसं असतील: भारतातून आलेले आजी-आजोबा, आमच्या वयाचे आईवडील, इथेच जन्मलेली मुलं, काही अमराठी जावई-सुना आणि कौन्सिलचे एक पाहुणे. प्रत्येक परिच्छेद आधी मराठीत आणि मग इंग्रजीत लिहिला, तर भाषण तेवीस मिनिटांचं झालं. घरी वाचून दाखवलं तेव्हा लेक म्हणाली, "आई, तू सगळं दोनदा सांगतेस." मध्येच भाषा बदलत बोलायला गेले तर जीभ अडखळते, वाक्यं अर्धवट राहतात. दोन्ही भाषा ठेवून सलग कसं बोलू? विषय सार्वजनिक गणेशोत्सव हाच आहे.
— एक वाचक, मेलबर्न

उत्तर:

तुमच्या लेकीने रोग बरोबर ओळखला आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू. सभागृहात सर्वांत मोठा गट तिच्यासारख्यांचा आणि तुमच्यासारख्यांचा असणार, म्हणजे दोन्ही भाषा कळणाऱ्यांचा. परिच्छेदाचं भाषांतर लगेच पुढे आलं की हा गट तीच गोष्ट दुसऱ्यांदा ऐकतो आणि फोन काढतो. उरलेले दोन गट, फक्त मराठी कळणारे आणि फक्त इंग्रजी कळणारे, आळीपाळीने रिकामे बसतात. वर त्यांना ठाऊक असतं की आपल्या भाषेत हे सगळं पुन्हा येणारच आहे, त्यामुळे दुसऱ्या भाषेच्या वेळी ते लक्ष देण्याचा प्रयत्नही करत नाहीत. म्हणून आधी भाषांतर डोक्यातून काढून टाका. दोन्ही भाषांत एकच गोष्ट पुढे सरकत राहिली पाहिजे.

मग कोणती गोष्ट कोणत्या भाषेत सांगायची? पुष्कळ जण इथे अर्धं-अर्धं वाटून मोकळे होतात, किंवा भावनेचं मराठीत आणि माहितीचं इंग्रजीत असा नियम करतात. दोन्ही वाटण्या फसतात, कारण त्या श्रोत्यांकडे बघून केलेल्या नसतात. त्याऐवजी प्रत्येक मुद्द्यापाशी एकच प्रश्न विचारा: हे कुणाला माहीत नाही? ज्याला माहीत नाही त्याच्या भाषेत तो मुद्दा सांगा. टिळक कोण, १८९३ साली पुण्यात काय झालं, मूर्ती पाण्यात का सोडतात, हे आजोबांना मराठीत समजावून सांगण्यात काही अर्थ नाही. ते मुलांना, जावयाला आणि कौन्सिलच्या पाहुण्यांना हवं आहे, म्हणून ते इंग्रजीत. उलट हा हॉल कुणाचा, समोर बसलेले पाहुणे कोण, विसर्जन नदीवर न करता अंगणातल्या टबात का, मुलांनी शाळेत गणपतीबद्दल काय सांगितलं, हे मेलबर्नच्या लोकांना माहीत असतं आणि महिन्यापूर्वी विमानातून उतरलेल्या आजींना नसतं. ते मराठीत. अशी वाटणी केली की प्रत्येक भाषेत नवीनच काही येतं आणि दोन्ही कळणाऱ्यांनाही एकच वाक्य दोनदा ऐकावं लागत नाही. तेवीस मिनिटांचे अकरा-बारा होतात ते इथेच. वाक्यं छाटत बसावं लागत नाही.

आता हिशेब. बारा मिनिटांतली दीड मिनिटं टाळ्या, हशा आणि श्वास यांची. उरली साडेदहा. मंचावरून बेताच्या गतीने बोलताना मराठीचे मिनिटाला साधारण शंभर आणि इंग्रजीचे साधारण एकशे वीस शब्द होतात. मराठीचे कमी दिसतात, कारण आपण 'घरातल्यांसाठी' एका शब्दात म्हणतो तिथे इंग्रजीला चार-पाच शब्द लागतात. तेव्हा लिहिताना मराठीचे साडेपाचशे आणि इंग्रजीचे सहाशे शब्द एवढाच साठा धरा. स्वतःची गती फोनवर एक-एक मिनिट वाचून तपासा. पुष्कळांची इंग्रजीतली गती घाबरल्यावर वाढते आणि मराठीतली तशीच राहते, मग ऐकणाऱ्याला दोन वेगळी माणसं बोलत असल्यासारखं वाटतं.

एका भाषेत सलग किती वेळ राहायचं, याचा अनुभवावरून बसलेला अंदाज चाळीस सेकंद ते एक मिनिट असा आहे. दीड मिनिटाच्या पुढे गेलात की दुसऱ्या गटातल्या माना शेजाऱ्याकडे वळतात आणि कुजबुजीतलं भाषांतर सुरू होतं. ती कुजबुज हीच खूण. वीस सेकंदांहून लहान तुकडेही शक्यतो नकोत, त्यात कान स्थिरावतच नाहीत. साडेदहा मिनिटांत साधारण बारा तुकडे आणि अकरा बदल बसतात. सगळी मेहनत या अकरा जागांवर करायची आहे, कारण भाषण तुटतं ते तिथेच.

तुम्ही अडखळता त्याचं कारण बहुधा हे आहे की बदल वाक्याच्या मध्ये होतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याला लागून येतं. "टिळकांनी अठराशे त्र्याण्णव साली पुण्यात…" एवढं म्हणून इंग्रजीत उडी मारली तर हातात 'टिळकांनी' असतं आणि इंग्रजीला तो 'नी' कुठे ठेवावा हे कळत नाही. मग माणूस मागे येतो, "आय मीन, टिळक…" म्हणून पुन्हा सुरू करतो, आणि ओघ गेला. म्हणून भाषा बदलायची ती पूर्णविरामावर, आणि शक्यतो विचार संपेल त्या पूर्णविरामावर. घरी आपण वाक्याच्या मध्ये सर्रास भाषा बदलतो आणि काही बिघडत नाही, कारण समोरच्याला दोन्ही येतात. मंचावर ती सोय नाही.

याच्याच पोटात आणखी एक फसगत आहे. "सगळ्यांनी फेस्टिव्हल एन्जॉय करा, फूड टेस्ट करा आणि व्हॉलंटिअर्सना सपोर्ट करा" असं वाक्य म्हणणाऱ्याला वाटतं की आपण दोन्ही भाषा सांभाळल्या. प्रत्यक्षात हे मराठी वाक्य आहे. व्याकरण मराठी, क्रियापदं मराठी. जावयाला त्यातले चार सुटे शब्द ओळखू येतात, अर्थ लागत नाही, आणि आजींच्या हातून तेच चार शब्द निसटतात. मराठीचा तुकडा साधा मराठी ठेवा, इंग्रजीचा पूर्ण इंग्रजी. हॉल, टब, फोन, पार्किंग हे शब्द आता आपलेच आहेत, त्यांना हात लावू नका. त्यांचा तर आपल्याला उपयोगच करून घ्यायचा आहे.

तो असा. दोन तुकडे जोडायला "नाउ इन इंग्लिश" किंवा "हेच आता मराठीत सांगते" असं म्हणायचं नाही. त्या घोषणेने अर्ध्या सभागृहाला सुट्टी मिळते. त्याऐवजी दुवा वापरायचा: दोन्ही भाषांत सारखाच ऐकू येणारा एक शब्द. माणसाचं नाव, गावाचं नाव, मोदक, ढोल, बाप्पा, नाहीतर वर म्हटलेल्या टबासारखा शब्द. पहिल्या भाषेतलं शेवटचं वाक्य त्या शब्दावर संपवा, एक श्वास घ्या आणि दुसऱ्या भाषेतलं पहिलं वाक्य त्याच शब्दाने सुरू करा. ज्याला आधीचा तुकडा कळला नाही त्यालाही तो शेवटचा शब्द ऐकू आलेला असतो, त्यामुळे "आता याबद्दल सांगणार" हे त्याला लगेच कळतं. मराठीत शब्द वाक्याच्या शेवटी आणायला थोडी कसरत लागते, क्रियापद आडवं येतं. त्यावर उपाय म्हणजे नाव क्रियापदाशिवाय एकटं उभं करणं: "पाचवा गणपती, केसरीवाडा."

आता तुमच्याच विषयाचा एक भाग करून पाहू. सगळ्यांच्या मसुद्यात असतं तसं वाक्य तुमच्याही मसुद्यात असणार: लोकमान्य टिळकांनी १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला. त्याखाली त्याचं इंग्रजी. आजोबांना हे शाळेपासून पाठ आहे, आणि जावयाला टिळक कोण, सार्वजनिक म्हणजे काय, त्यात विशेष काय, यातलं काहीच उलगडलेलं नाही. म्हणजे एकाच वाक्यात दोघांचीही निराशा. ते मोडून असं लिहिता येईल. इंग्रजी तुकडे इथे देवनागरीत दिले आहेत, तुमच्या कागदावर ते रोमन लिपीतच लिहा. लिपी बदलली की भाषा बदलायची, हे डोळ्यांना आपोआप कळतं.

मराठी: "पुण्याहून आलेल्या मंडळींना मानाचे गणपती तोंडपाठ असतील. पहिला कसबा. दुसरा तांबडी जोगेश्वरी. तिसरा गुरुजी तालीम. चौथा तुळशीबाग. आणि पाचवा?" इथे थांबा. दोन सेकंद पुरतात, कुणीतरी आजी-आजोबा ओरडतातच. "बरोबर. पाचवा, केसरीवाडा."

इंग्रजी: "केसरी वॉज अ न्यूजपेपर. इट स्टार्टेड इन पुणे इन एटीन एटी-वन, इन मराठी, अँड इट हॅड अ सिस्टर पेपर इन इंग्लिश. बाय एटीन नाइंटी-थ्री, वन मॅन वॉज रनिंग बोथ. हिज नेम वॉज लोकमान्य टिळक. ही आस्क्ड पीपल टू टेक समथिंग दे लव्ह्ड ॲट होम, अँड ब्रिंग इट आउट इंटू द स्ट्रीट: देअर गणपती."

मराठी: "गणपती रस्त्यावर आला, आणि त्याच्यामागून काय काय आलं बघा. वर्गणी आली. मेळे आले. व्याख्यानं आली. आणि आरतीचं तबक आधी कुणाच्या हातात, हे भांडणही आलं. ते मात्र आपण मेलबर्नला अगदी जपून आणलंय."

इंग्रजी: "द लाफ यू जस्ट हर्ड वॉज अबाउट हू गेट्स टू होल्ड द प्लेट. यू विल सी इट फॉर युवरसेल्फ ॲट सेव्हन ओ'क्लॉक."

आता हाच भाग तीन जणांच्या कानांनी ऐका. फक्त मराठी कळणाऱ्या आजींना मानाचे गणपती मिळाले, उत्तर द्यायला मिळालं, रस्त्यावर आलेला गणपती आणि त्यावरचा विनोद मिळाला. मधली वर्तमानपत्राची माहिती कळली नाही, तरी त्यांचं काही अडलं नाही. फक्त इंग्रजी कळणाऱ्या पाहुण्यांना पाच नावं नुसती नावं म्हणून ऐकू आली, एक आजी उत्साहाने ओरडताना दिसल्या, मग आजींनी उच्चारलेल्या शब्दापासूनच पाहुण्यांची गोष्ट सुरू झाली. दोन्ही कळणाऱ्या तुमच्या लेकीला एकही गोष्ट दोनदा ऐकावी लागली नाही. चारही तुकडे मिळून, थांबण्यासकट, दीड मिनिटाच्या आसपास होतात. कागदावरची ही परीक्षा सगळ्या भाषणाला लावा: आधी फक्त इंग्रजी तुकडे क्रमाने वाचा, त्यांची स्वतंत्र आणि पूर्ण गोष्ट झाली पाहिजे. मग फक्त मराठी. जिथे "पण हे कोण?" किंवा "हे मध्येच कुठून आलं?" असं वाटेल, तिथे त्या भाषेत एक छोटं वाक्य घाला. परिच्छेद नको, वाक्यच.

जाता जाता सनाबद्दल. समोर पुणेकर असतील तर "सार्वजनिक गणपती पहिल्यांदा १८९३ साली" असं ठामपणे म्हणू नका. भाऊसाहेब रंगारींच्या गणपतीचं साल १८९२ सांगितलं जातं, आणि हा वाद तुमच्या बारा मिनिटांत मिटणार नाही. वरच्या चार तुकड्यांत उत्सव "सुरू केला" हे क्रियापद मुद्दाम टाळलं आहे.

विनोद एका भाषेतच फुटतो. त्याचं भाषांतर केलं की ज्यांना तो कळला होता ते अवघडतात आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांना हसू येत नाही. मग न कळणाऱ्यांचं काय? हशा कशाबद्दल होता एवढंच त्यांना एका वाक्यात सांगा, आणि लगेच असं काही द्या जे फक्त त्यांच्यासाठी आहे. वर सात वाजताच्या आरतीबद्दलचं वाक्य तेच काम करतं. अभंगाची ओळ, आरतीचं कडवं, म्हण यांचंही तसंच. ती आधी मूळ भाषेत पूर्ण होऊ द्या, मग वाटल्यास इंग्रजीत तिचा रोख सांगा, शब्दाला शब्द लावत बसू नका.

मुलांसाठी थोडं वेगळं गणित आहे. परदेशात वाढलेल्या मुलांना घरातलं मराठी चांगलं कळतं: ये, बस, जेवलास का, हात धू, आजीला विचार. तेवढ्याने त्यांना मराठी येतं असं समजून आपण "सामाजिक ऐक्य", "सांस्कृतिक वारसा", "स्वातंत्र्यलढ्याची पार्श्वभूमी" असं बोलायला लागतो आणि ती तिथेच गळतात. तुमचे मराठी तुकडे स्वयंपाकघरातल्या मराठीत ठेवलेत तर मुलं इंग्रजी तुकड्यांची वाट न बघता सगळं भाषण ऐकतील. "ऐक्य" काढा, "सगळे एकत्र आले" लिहा. आजोबांनाही ते खटकत नाही. आकडे मात्र खरोखर अवघड आहेत. पन्नासच्या पुढचे मराठी आकडे पुष्कळ मुलांना कळत नाहीत, आणि बोलणाऱ्याचीही जीभ तिथेच वळते, कारण 'त्र्याण्णव'मध्ये तीन आधी आणि नव्वद नंतर, तर इंग्रजीत नेमकं उलट. म्हणून सन एकाच भाषेत सांगा, शक्यतो इंग्रजीत, आणि कागदावर आकड्यात न लिहिता अक्षरांत लिहा. आकडा लिहिलेला असला की डोळा तो बघतो आणि तोंड आधीच्या भाषेत तो म्हणून टाकतं.

नावांचे उच्चार इंग्रजी तुकड्यातही मराठीच ठेवा. 'टिळक' इंग्रजीत शिरताना 'टिलॅक' झाले की दुवा तुटतो, कारण आजींना तोच शब्द पुन्हा ऐकू येत नाही. आदरार्थी बहुवचनाकडेही लक्ष ठेवा. मराठीत "ते म्हणाले" म्हणून आलेली जीभ इंग्रजीत "दे सेड" म्हणते आणि पाहुण्यांना वाटतं की बरीच माणसं बोलली. इंग्रजीत 'ही' म्हणा. नुसतं 'टिळक' ऐकून ज्येष्ठांना खटकू नये, म्हणून पहिल्या उल्लेखात 'लोकमान्य टिळक' म्हणा.

मेलबर्नची एक खास गोष्ट तुमच्या यादीत धरा. तिथल्या सार्वजनिक कार्यक्रमांच्या सुरुवातीला त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचा आदराने उल्लेख करण्याची पद्धत आहे, आणि कौन्सिलचे पाहुणे समोर असताना तो गाळला तर डोळ्यांत भरतं. हा उल्लेख कुणीही करू शकतं. औपचारिक स्वागत ही वेगळी गोष्ट आहे, ते त्या समाजातल्या व्यक्तीनेच करायचं असतं, तेव्हा इंग्रजीत 'वेलकम' हा शब्द इथे वापरू नका. हॉल शहराच्या कोणत्या भागात आहे त्यावर वुरुंजेरी की बुनुरोंग, यांपैकी कोणत्या मूळ समाजाचं नाव घ्यायचं हे ठरतं. नेमकी वाक्यं आणि उच्चार कौन्सिलकडून घ्या आणि ती इंग्रजीत, जशीच्या तशी वाचा. ही जागा आपल्या तत्त्वात चपखल बसते, कारण आजी-आजोबांना हे काय चाललंय ते माहीत नसतं. लगेच मराठीत दोन वाक्यं पुरेत: "आपण बसलो आहोत ती जमीन इथल्या मूळ लोकांची. हजारो वर्षं ते इथे राहतात, म्हणून कार्यक्रमाआधी त्यांना नमस्कार करायची इथे रीत आहे." भूमीला वंदन करून कार्य सुरू करणं आपल्या ज्येष्ठांना नवीन नाही, लगेच पटतं.

पडदा असेल तर तो बोलण्याच्या उलट भाषेत चालवा. तुम्ही मराठीत बोलत असताना पडद्यावर इंग्रजीत एक ओळ, इंग्रजीत बोलत असताना देवनागरीत एक ओळ. मानाच्या गणपतींच्या वेळी "पुण्यातले मानाचे पाच गणपती" एवढंच इंग्रजीत झळकलं तरी पाहुणे पाच नावांना मुकत नाहीत. एका वेळी सात-आठ शब्दांहून जास्त नकोत, नाहीतर लोक वाचत बसतात आणि तुमचं ऐकू येत नाही. एक तांत्रिक खबरदारी: देवनागरी असलेलं सादरीकरण दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की कधीकधी जोडाक्षरं फुटतात किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या दुसऱ्या बाजूला जाते. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फॉन्टमधला मजकूर आणला तर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अगम्य चिन्हं दिसतात. शेवटी सगळं पीडीएफ करून न्या आणि हॉलच्याच यंत्रावर आधी उघडून बघा.

सराव कशाचा करायचा? सगळं भाषण पाठ करायची गरज नाही. अकरा बदलांपैकी प्रत्येकाच्या आधीचं शेवटचं वाक्य आणि नंतरचे पहिले पाच-सहा शब्द तेवढे तोंडपाठ करा. भाषा बदलल्यावर जीभ घसरते ती पहिल्या चार-पाच शब्दांत, तेवढे सुखरूप पार पडले की उरलेलं वाक्य त्या भाषेच्या वळणाने आपोआप येतं. सुरुवातीला मधलं काही न म्हणता फक्त जोड म्हणा: शेवटचं वाक्य, श्वास, पहिलं वाक्य. मग पुढचा जोड. हे पाच-दहा मिनिटांत होतं आणि रोज करता येतं. त्यानंतरच सगळं सलग म्हणा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करा. ऐकताना बदलाच्या जागा तपासा. तिथे "सो", "ॲक्च्युअली", "म्हणजे", "तर मग" असं काही भरलेलं ऐकू आलं, तर तो जोड अजून पक्का नाही. बहुतेक वेळा दोष सरावाचा नसून दुव्याचा असतो: शब्द दोन्हीकडे नीट बसलेला नसतो. दुवा बदला, लगेच सुटेल.

कागदावर प्रत्येक तुकडा नव्या ओळीवर, अक्षरं मोठी, आणि दुव्याचा शब्द दोन्हीकडे अधोरेखित. पान बदलण्याची जागा बदलाच्या जागेवर येऊ देऊ नका, दोन संकटं एकत्र येतात. बोलताना भाषेबरोबर नजरही हलवा, मराठीला ज्येष्ठांच्या रांगेकडे, इंग्रजीला पाहुण्यांकडे. त्यासाठी दोन्ही गट कुठे बसणार आहेत हे आधी विचारून ठेवा. ध्वनिक्षेपक स्टँडवर असेल तर नुसती मान फिरवू नका. तोंड माइकपासून बाजूला गेलं की नेमका बदलानंतरचा पहिला शब्द ऐकू येत नाही, आणि तोच तर दुवा. पायांनी थोडं सरकून सगळं अंग फिरवा, तोंड माइकसमोरच राहील.

एवढं करूनही चुकीच्या भाषेत वाक्य सुरू झालं, तर ते त्याच भाषेत पुरं करा आणि मग पुढच्या पूर्णविरामावर वळा. मध्ये थांबून "सॉरी, मराठीत सांगते" म्हटलं की सगळ्यांना कळतं, नाहीतर फक्त तुम्हालाच ठाऊक असतं. शब्द आठवला नाही तर दुसऱ्या भाषेतला वापरून पुढे जा. "याला मराठीत काय म्हणतात?" असं सभागृहाला विचारू नका, पाच जण पाच शब्द सुचवतात आणि त्यांची आपसात चर्चा सुरू होते.

एका प्रकारच्या मजकुराला मात्र यातलं काहीच लागू नाही. जेवण कधी, गाडी कुणाच्या दारात लावायची नाही, आग लागल्यास कोणत्या दाराने बाहेर पडायचं, आणि कोणत्या पदार्थात काय आहे, हे दोन्ही भाषांत पूर्ण, शब्दाला शब्द सांगायचं. इथे कंटाळा आला तरी चालेल, गैरसमज झालेला चालणार नाही. विशेषतः शेंगदाणा आणि काजू. खिचडीत, कोशिंबिरीत, चटणीत दाण्याचं कूट असतं हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की सांगायचंच राहून जातं, आणि तिथल्या शाळेतल्या मुलांमध्ये दाण्याची तीव्र ॲलर्जी असलेलं एखादं मूल तुमच्या सभागृहात असू शकतं. या सूचना तुमच्या बारा मिनिटांत घेऊ नका. सूत्रसंचालकाला भाषणानंतर वेगळी दोन मिनिटं मागा, आणि दाणे-काजू असलेल्या प्रत्येक पातेल्यासमोर दोन्ही भाषांतली चिठ्ठी लावायला स्वयंपाकाच्या गटातल्या एकाच माणसाला सांगा. दोघांना सांगितलं तर दोघंही समजतात की दुसऱ्याने लावली असेल.